दगड की गडद? एका घरगुती शब्दशर्यतीचं प्रकरण

ऑफिसात माझं काम प्रशिक्षणाचं. कुठे काय बिनसलं, कोणी कधी काय ठरवलं, त्याची टिपणं लिहायची आणि नव्या लोकांना वाचायला द्यायची. हे टिपण घरचं आहे. ज्यांच्याविषयी लिहिलंय त्या दोघांनीही ते वाचलंय. नावं घालायची नाहीत, एवढीच अट होती. म्हणून बहीण ती ‘ताई’, भाऊ तो ‘धाकटा’. त्यांचे वडील माझे काका, म्हणजे मी या दोघांची चुलत बहीण.

पार्श्वभूमी

काका एका छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाले. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर दोन महिने घरात अडकून पडले आणि तेव्हाच त्यांनी आमच्या ‘गोतावळा’ ग्रुपवर रोज एक विस्कटलेला शब्द टाकायला सुरुवात केली. गुडघा बरा झाला, शब्द मात्र चालूच राहिला. सकाळी बरोबर साडेआठला अक्षरं येतात आणि पहिलं बरोबर उत्तर देणाऱ्याला एक गुण मिळतो. महिनाअखेर काका बेरीज टाकतात. ताई आणि धाकटा यांच्यात ज्याचे गुण कमी, त्याने पुढच्या भेटीत सगळ्यांना मिसळ खिलवायची. ग्रुपवर आम्ही सतरा जण आहोत, पण शर्यत या दोघांचीच. बाकीचे जमेल तेव्हा मध्ये तोंड घालतो.

ताई शेहेचाळीस वर्षांची, सहकारी बँकेत काउंटरवर. धाकटा एक्केचाळीसचा. राहतो पुण्यात, पण सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळच्या गाडीने मुंबईला कामाला जातो. हे तीन वार पुढे महत्त्वाचे ठरले.

खेळ कसा चालतो

काकांचा पहिला नियम असा की अक्षर फोडायचं नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ज्याचा त्याच्याकडे राहणार आणि जोडाक्षर हे एकच अक्षर. म्हणजे ‘मिरवणूक’ हा शब्द ‘क, णू, मि, र, व’ असा येतो. व्यंजनं एकीकडे आणि स्वरचिन्हं दुसरीकडे अशीही कोडी असतात, पण ती सोडवताना घाम फुटतो आणि सकाळच्या चहाबरोबर ते कोणाला नको असतं.

ताईची रीत कागदावरची. दुधाच्या हिशेबाच्या पाठकोऱ्या कागदावर ती अक्षरं गोलात मांडते, म्हणजे ओळीचा मोह पडत नाही. मग जे होऊच शकत नाही ते खोडते. पाच अक्षरं १२० प्रकारे मांडता येतात. पण मराठी शब्द ‘ण’ने किंवा ‘ळ’ने सुरू होत नाही (कोणी णमोकार मंत्र काढेल म्हणून सांगते, तो प्राकृत). तेव्हा ‘णू’ पहिलं नाही. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा असतो, तेव्हा ऱ्हस्व ‘मि’ शेवटी नाही. आणि ‘णू’ दीर्घ आहे, म्हणजे ते एकतर सगळ्यात शेवटी असणार, नाहीतर शेवटून दुसरं असून त्याच्यापुढे क, र, व यांतलं एखादं साधं अक्षर असणार. एवढ्यावर १२० चे ४२ उरतात. त्यातही करमणूक, फसवणूक, निवडणूक हे शब्द ज्याच्या कानात आहेत तो ‘णूक’ थेट शेवटी बसवतो. मग उरतात मि, र, व आणि त्यांच्या सहा मांडण्या. त्यात ‘मिरव’ दिसायला कितीसा वेळ लागणार? ही युक्ती संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना लागू पडत नाही. ‘गुण’, ‘विष’ हे शेवटच्या अक्षराआधी ऱ्हस्व ठेवतातच आणि त्यांच्यापायी ताई कधीमधी तोंडावर आपटतेही.

धाकट्याला कागद लागत नाही. तो अक्षरं पुटपुटतो आणि अंगठ्याने काहीबाही टाइप करत राहतो. फोनचा कळफलक दोन-तीन अक्षरांनंतर पुढचा शब्द सुचवतो, त्याचा त्याला फायदा होतो. ताईच्या मते ही लबाडी आहे. काकांच्या मते नाही, कारण सुरुवात बरोबर जमल्याशिवाय कळफलकालाही काही सुचत नाही. मला काकांचं पटतं. हे टिपण वाचेपर्यंत ताईला ते माहीत नव्हतं.

थोडक्यात, लांब शब्दाला ताई सरस आणि छोट्या शब्दाला धाकटा. तीन अक्षरांच्या सहाच मांडण्या, तिथे खोडायला काही नसतं. शर्यत डोळ्यांची आणि बोटांची.

त्या दिवशी काय झालं

जानेवारी २०२५ चा शेवटचा दिवस, शुक्रवार. आदल्या रात्रीपर्यंत ताई ११, धाकटा ११, बाकी सगळे मिळून ८. काका सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला जाऊन आले होते, मोठा शब्द लावायचं त्राण नव्हतं. त्यांनी तीन अक्षरं टाकली: ग, द, ड.

धाकटा गाडीत होता आणि गाडी खंडाळ्याच्या पुढे घाट उतरत होती. अक्षरं दोन बोगद्यांच्या मधल्या उजेडात त्याच्या फोनवर आली. त्याने ‘दगड’ लिहून पाठवलं आणि रेंज गेली. ताईने घरून ‘गडद’ पाठवलं.

काकांच्या फोनवर हे असं दिसलं: ताई, गडद, ८:३१. धाकटा, दगड, ८:३४. काकांच्या मनातला शब्द होता दगड. ८:३६ ला त्यांनी लिहिलं, “दगड. बरोबर. धाकट्याला गुण.”

“बाबा, गडद पण बरोबरच आहे. आणि माझं आधी आहे,” ताई.

“ताई, वर बघ ना. माझं ८:३० ला आहे,” धाकटा. तोवर कर्जत जवळ आलं होतं.

“कुठे वर? वर माझंच आहे.”

“अगं, तुझ्याही वर.”

यावर ताईने तिच्या पडद्याचा फोटो टाकला. त्यात ‘गडद’ वर, ‘दगड’ खाली. धाकट्याने त्याचा टाकला. त्यात ‘दगड’ वर, ८:३० ची वेळ, आणि ‘गडद’ खाली. दोन्ही फोटो खरे होते. तोपर्यंत गंमत होती. मग ताईने लिहिलं, “म्हणजे मी खोटं बोलतेय?” आणि धाकट्याने तीन मिनिटं काहीच लिहिलं नाही. बहिणीच्या अशा प्रश्नापुढे तीन मिनिटं फार असतात. नंतर कळलं की तेवढ्यात तिकीट तपासनीस आला होता.

आत्याने घाईघाईने शुभ सकाळचं एक फूल टाकलं. ८:५२ ला ताई: “ठीक आहे. दगडच बरोबर. गुण त्याचाच.”

मोठ्या बहिणीच्या ‘ठीक आहे’पुढचा पूर्णविराम ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. त्यानंतरचे चार दिवस शब्द येत राहिले आणि ताईने एकाचंही उत्तर दिलं नाही. धाकटा दोनदा पहिला आला. दुसऱ्या दिवशी त्याने उत्तराखाली लिहिलं, “मजा नाही येत.”

नेमका वाद कशाचा

मंगळवारी काकांनी मला फोन केला. “तू जरा बघ. माझं काही चुकलं का?” काका असं विचारत नाहीत. तेव्हा मी बसून दोन गाठी वेगळ्या केल्या, कारण भांडणात त्या एकीत एक गुंतल्या होत्या.

पहिली गाठ: आधी कोण? याचा उलगडा मी माझ्या आणि नवऱ्याच्या फोनवर करून पाहिला. माझा फोन विमान मोडवर टाकला आणि ‘एक’ लिहून पाठवलं. संदेश माझ्या पडद्यावर लगेच आला, फक्त शेजारी बरोबरच्या खुणेऐवजी छोटं घड्याळ होतं. मग नवऱ्याच्या फोनवरून ‘दोन’ पाठवलं, आणखी दोन मिनिटं थांबले आणि विमान मोड काढला. माझ्या फोनवर ‘एक’ वर, ‘दोन’ खाली. नवऱ्याच्या फोनवर ‘दोन’ वर, ‘एक’ खाली. एवढंच नाही, ‘एक’ची वेळ माझ्याकडे ९:१२ होती आणि त्याच्याकडे ९:१५. म्हणजे पाठवणाऱ्याचा फोन बोट उचललं ती वेळ दाखवत होता, तर इतरांना संदेश वाटेतल्या सर्व्हरवर पोचला ती वेळ दिसत होती. रेंज असते तेव्हा या दोन्हींत फरक पडत नाही, म्हणून इतके महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. बोगद्यात तो तीन-चार मिनिटांचा होतो.

थोडक्यात, धाकट्याचं बोट आधी उचललं हे खरं आणि ताईचं उत्तर ग्रुपवर आधी पोचलं हेही खरं. ‘पहिला’ म्हणजे यातलं कोणतं, हे आमच्या नियमात कधी लिहिलेलंच नव्हतं.

दुसरी गाठ: बरोबर काय? ग, द, ड यांच्या सहा मांडण्या लिहून काढा: गदड, गडद, दगड, दडग, डगद, डदग. यात दोन धडधडीत मराठी शब्द आहेत, एक रस्त्यावरचा आणि एक रंगाचा. काकांना दुसरा दिसला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडलेल्या माणसाला तो कसा दिसला नाही, हे मी त्यांच्या घरी गेल्यावर समजलं.

काका जुन्या दिनदर्शिकेच्या पानांचे चौकोन कापतात. पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने एकेक अक्षर लिहितात, चहाच्या ट्रेमध्ये ते चौकोन पालथे घालून पिसतात आणि ज्या क्रमाने उचलले जातील त्या क्रमाने फोनवर टाकतात. सुरुवात नेहमी ठरलेल्या शब्दापासून. ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्या डोळ्यांना त्या अक्षरांत उत्तरच दिसतं. स्वतः लिहिलेल्या मजकुराचं मुद्रितशोधन स्वतः करू नये, हे काकाच आम्हाला शिकवत आले. त्यांना तसं म्हटल्यावर ते हसले आणि म्हणाले, “बरोबर. पकडलंस.”

पर्याय

दोघांना एकेक गुण देऊन मोकळं होणं हा सगळ्यात सोपा मार्ग होता. धाकटा तयारही झाला. पण ताई म्हणाली, “दान नको.” तिचं बरोबर होतं. तिचा राग गुणाचा नव्हताच. तिच्या बरोबर उत्तराला कोणी बरोबर म्हणालं नव्हतं, आणि वर ती खोटी पडल्यासारखी झाली होती.

दुसरा मार्ग: काकांच्या फोनवर जो क्रम दिसेल तो अंतिम. यात वाद उरत नाही. पण आठवड्यातले तीन दिवस धाकटा बोगद्याशी शर्यत लावणार, म्हणजे निकाल रेल्वेच्या वेळापत्रकावर.

तिसरा: वेळ बदलायची. सव्वानऊला गाडी घाटाखाली असते, पण तेव्हा ताई स्कूटरवर. रात्री नऊला दोघं घरी असतात. मी हाच मार्ग सुचवला आणि काका गप्प झाले. काकू आतून म्हणाली, “रात्री कशाला? सकाळी उठल्यापासून ते त्या चौकोनांतच असतात.” तो विषय तिथेच मिटला.

चौथा: उत्तरं ग्रुपवर न देता काकांना खासगीत पाठवायची. म्हणजे कोणाचं उत्तर कोणाला दिसणार नाही, आणि साडेआठ ते सव्वानऊ या वेळात आलेलं प्रत्येक बरोबर उत्तर धरायचं. घाटाचा प्रश्न मिटतो. कागदावर हा मार्ग मला सगळ्यात नेटका वाटला. ऑफिसात मी याचीच शिफारस केली असती.

काय केलं

आधी ताईकडे गेले. फोन केला नाही, गेले. विमान मोडचा प्रयोग तिच्या स्वयंपाकघरात पुन्हा करून दाखवला, या खेपेला तिच्याच फोनवर. ‘एक’ आणि ‘दोन’ची अदलाबदल तिने दोन वेळा करायला लावली आणि मग म्हणाली, “म्हणजे त्यालाही खरंच तसं दिसत होतं.” कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बारीक केला, आणि तेवढ्यात फोन घेऊन धाकट्याला लिहिलं, “बाळ्या, तुझ्या फोनचं घड्याळ बघितलं. बोगद्याला नमस्कार.” त्याने लगेच उत्तर दिलं, “ताई, गडद बरोबर होतं गं. मला तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं.”

त्यानंतर काकांनी ग्रुपवर जाहीर केलं की यापुढे शब्दकोशात सापडणारा, दिलेली सगळी अक्षरं वापरणारा कोणताही शब्द बरोबर. लावणाऱ्याच्या मनात काय होतं ते विचारात घ्यायचं नाही. क्रियापदाची रूपं आणि विभक्ती लागलेली रूपं मात्र चालणार नाहीत. ‘क, स, र, त’ला ‘कसरत’ चालेल, ‘सरकत’ नाही. या शेवटच्या कलमावर आत्याने अर्धा तास वाद घातला, पण तो निरोगी वाद होता.

आणि पाच फेब्रुवारीपासून चौथा मार्ग सुरू केला, खासगी उत्तरांचा.

तो मार्ग फसला

नऊ दिवस टिकला. निकाल निर्विवाद लागत होते, पण ग्रुप मेल्यासारखा झाला. साडेआठला अक्षरं, सव्वानऊला उत्तर आणि गुण, मध्ये शुकशुकाट. पूर्वी या पाऊण तासात ‘करकमणू’, ‘णूकरमक’ असले वेडेवाकडे शब्द पडायचे, त्यांवर कोणीतरी हसायचं, कोणाच्या तरी चुकीच्या उत्तरातून तिसऱ्यालाच बरोबर शब्द सुचायचा. खेळ त्या चुकांत होता आणि मी तोच काढून टाकला होता. सतरांपैकी पहिल्या दिवशी आठ जणांनी काकांना उत्तर पाठवलं, नवव्या दिवशी तिघांनी. ताई-धाकटा आणि एक मी, तीही लाजेकाजेस्तव.

आणखी एक अडचण आली, ती मला अपेक्षितच नव्हती. काकांना सकाळी आठ जणांची आठ वेगळी पानं उघडावी लागत. चष्मा, चहा आणि फोन सांभाळताना एकदा त्यांनी दुपारी उत्तर जाहीर केलं आणि वर “माफ करा” लिहिलं. तेव्हा मी हा मार्ग बंद केला.

शेवटी काय ठरलं

पंधरा फेब्रुवारीपासूनची रचना अशी. मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवारी उघड शर्यत. ग्रुपवरच उत्तरं, आणि क्रम काकांच्या फोनवर दिसेल तो. सोमवार, बुधवार, शुक्रवारी शर्यत नाही. त्या दिवशी काका पाच-सहा अक्षरी अवघड शब्द लावतात, आणि सव्वानऊच्या आत बरोबर उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला अर्धा गुण. उत्तर ग्रुपवर उघड लिहायचं नाही, तर शब्दाचा अर्थ ओळखू येईल असं एक वाक्य लिहायचं. ही सूचना धाकट्याची. ‘मिरवणूक’च्या दिवशी ताईने लिहिलं होतं, “अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर रात्रभर.” ज्यांना शब्द सुटला त्यांना कळलं, बाकीच्यांना ढोल आठवले.

दुसरी दुरुस्ती शब्द लावण्यातली. आता काका चौकोन पिसून झाले की ट्रे काकूपुढे सरकवतात. तिला शब्द सांगितलेला नसतो. तिला जो शब्द पहिला दिसेल तो काकांच्या शब्दाहून वेगळा निघाला, तर डायरीत दोन्ही लिहायचे आणि दोन्ही धरायचे. पहिल्या पंधरवड्यात तिने ‘मगर’च्या जागी ‘गरम’ काढलं, ‘रजनी’च्या जागी ‘नीरज’ आणि ‘काजळ’च्या जागी ‘जळका’. शेवटचं तिने उलथनं हातात असताना नुसतं ट्रेवरून जाता जाता सांगितलं. तिन्ही तीन अक्षरी आहेत हे बघण्यासारखं आहे. अक्षरं जितकी कमी, तितकी त्यांतून दुसरा शब्द निघायची भीती जास्त. पाच अक्षरांवर तिला अजून एकदाही दुसरा शब्द सापडलेला नाही.

तिसरी दुरुस्ती उशिरा, मार्चमध्ये करावी लागली. एका रविवारी माझ्या भाच्याचं उत्तर सगळ्यांच्या आधी दिसलं, पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिथे दुसरंच काहीतरी होतं असं धाकटा म्हणाला. पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि बदलला तरी त्याची जागा व वेळ तीच राहते. भाच्याने साडेआठला नुसतं ‘अअअ’ पाठवून पहिली जागा धरून ठेवली होती आणि शब्द सुटल्यावर आत भरला. वेळेशेजारी `Edited` अशी बारीक खूण राहते, ती काकांच्या चष्म्याला दिसली नव्हती. आता ती खूण असलेलं उत्तर बाद. चूक दुरुस्त करायची असेल तर नवा संदेश पाठवायचा आणि नव्या जागी उभं राहायचं.

काय झालं

ताई पाचव्याच दिवशी खेळात परतली होती, पण शर्यतीची ती जुनी खुन्नस परत यायला मार्च उजाडला. मार्चअखेर ताई ११, धाकटा साडेअकरा. अर्ध्या गुणाने हरल्यावर तिने ‘ठीक आहे’ लिहिलं, पुढे पूर्णविराम नव्हता, जीभ बाहेर काढलेला चेहरा होता. सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या वाक्यांत इतर लोकही येऊ लागले. माझी आई, जी कधीच उत्तर देत नसे, ती आता रोज वाक्य लिहिते. ते बहुतेक वेळा चुकीच्या शब्दाचं असतं.

काय बिघडलंय तेही लिहायला हवं. उघड शर्यतीच्या चार दिवसांत धाकट्याचा फायदा वाढलाय, कारण छोटे शब्द सगळे त्या दिवसांत गेले. ताईने हे हेरलंय. तिचं म्हणणं असं की शनिवारी तरी पाच अक्षरी शब्द शर्यतीला लावा. काका विचार करतो म्हणालेत.

पुन्हा वेळ आली तर

काकांनी ८:३६ ला निकाल दिला, म्हणजे पहिल्या उत्तरानंतर पाच मिनिटांत. त्यांच्यापुढे दोन वेगळी उत्तरं होती. त्यांनी स्वतःच्या शब्दाशी जुळणारं शोधलं आणि दुसरं वाचलंच नाही. तिथे नुसतं “थांबा, दोन्ही बघतो” एवढं लिहिलं असतं तर ताईला पुढचं काही लिहावंच लागलं नसतं.

माझ्या दोन चुका. एक, पडद्यांचे फोटो टाकले जात होते तेव्हा मीही ग्रुपवर होते आणि “तिसऱ्या कोणाच्या फोनवर काय दिसतंय?” असं विचारून बसले. हेतू चांगला होता, पण त्यामुळे बहीण-भावाच्या कुरबुरीला साक्षीदार उभे राहिले. आठ मिनिटांत चार जणांनी आपापले फोटो टाकले, सगळ्यांत ताई वर होती, आणि धाकटा एकटा पडला. तो प्रश्न मी खासगीत काकांना विचारायला हवा होता. दुसरी चूक खासगी उत्तरांची. ज्या खेळाची गंमत चारचौघांत चुकण्यात आहे, त्यावर मी परीक्षेचा बंदोबस्त बसवला. नऊ दिवस वाट बघण्याचीही गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी आत्याने विचारलं होतं, “हल्ली कोणी काही बोलत का नाही?” मी ते वाचलं आणि पुढे गेले.

जे जमलं ते एकच: प्रयोग ताईच्या फोनवर, तिच्या हाताने केला. धाकटा खरं बोलतोय असं मी सांगितलं असतं तर तिने मलाही त्याच्या बाजूला टाकलं असतं.

राहिला जानेवारीचा हिशेब. काकांच्या डायरीत ३१ तारखेपुढे ‘दगड’ लिहून खोडलेलं आहे, त्याच्यावर ‘गडद’ आहे, आणि गुणांचा रकाना कोरा. बरोबरीत सुटल्यामुळे मिसळ कोणी द्यायची हे ठरेना. एप्रिलमध्ये सगळे काकांकडे जमलो तेव्हा काकूने जाहीर केलं की चूक शब्द लावणाऱ्याची, तेव्हा पैसे त्याचेच. काकांनी मुकाट्याने पाकीट काढलं. धाकट्याने दोन जादा पाव मागवले. ताई म्हणाली, “बाबा, कट गडद झालाय आज,” आणि काकांनी तिच्याकडे बघितलंच नाही.